न टाकलेली तिकिटं

फुंकरदादांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. त्या मोठ्या रुग्णालयात बाराशे माणसं कामाला, पण ते नाव विचारलं असतं तर बाराजणांनाही सांगता आलं नसतं. कॉम्प्युटर बंद पडला की दादा यायचे, मागची वायर उपसायचे, तिच्या टोकावर एक फुंकर मारायचे आणि परत खोचायचे. दहातल्या चार वेळा मशीन खरंच चालू व्हायचं, काय सांगावं! नर्सिंग शाळेतल्या पोरींनी नाव पाडलं, मग डॉक्टर म्हणायला लागले, आणि शेवटी बायकोनेही घरात तेच उचललं. दादांना राग नव्हता. नावं ठेवून घ्यायची त्यांना सवय होती.

सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. रुग्णालयाच्याच आवारात, धुलाईघराच्या मागे, तळमजल्यावर दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्यात दादा, बायको आणि त्र्याऐंशी वर्षांचे वडील राहायचे. म्हाताऱ्यांची नजर जवळजवळ गेलेली, पण घर त्यांच्या हातात होतं. पलंगापासून भिंत, भिंतीपासून कपाट, कपाटापासून न्हाणीची चौकट, असे ते हात लावत लावत स्वतःचं स्वतः फिरायचे. कोणी हात धरायला गेलं की खेकसायचे, "मी काय आंधळा आहे?" आता यावर काय बोलणार!

हे सगळं ठीक चाललं होतं. मग तीन वर्षांपूर्वी दरपत्रक आलं.

त्याआधी कॉम्प्युटर विभागाचा खर्च कुठे जातो हे कोणी विचारत नव्हतं. रुग्णालयाच्या मोठ्या पोटात तो खपून जायचा. नव्या संचालकांनी ठरवलं की जो वापरेल त्याच्या नावावर खर्च पडला पाहिजे. त्यासाठी हिशेब विभागात एक बाई नेमली. तरुण, चष्मेवाली, बोलायला गोड आणि आकड्यांना कठोर. तिने एक पानी दरपत्रक काढलं. प्रत्येक कॉम्प्युटरचे महिन्याला इतके, प्रत्येक ईमेल खात्याचे इतके, साठवलेल्या फायलींचे इतके, आणि दुरुस्तीला माणूस बोलावला तर दर तिकिटाला इतके. तिकीट म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर भरायची तक्रार: विभाग कोणता, मशीनचा नंबर काय, बिघाड काय. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येक विभागाला त्याच्या वाट्याचा कागद जायचा. रोख पैसे कोणी मोजत नव्हतं. या खात्यातून त्या खात्यात आकडा सरकायचा, एवढंच. पण विभागाचं वर्षाचं बजेट तेवढ्याने खरोखर कमी व्हायचं, आणि तिथंच सगळ्यांना झोंबायचं. त्या बाईला सगळे 'दरवाली' म्हणायला लागले. दादा मात्र तिला ताई म्हणायचे.

पहिल्या दरपत्रकात एका तिकिटाचा दर आठशे होता.

"दादा, प्रिंटरमध्ये कागद अडकला तर आठशे?" रक्तपेढीच्या मॅडमनी डोळे मोठे केले. "अहो, एवढ्यात माझ्याकडे नवीन खुर्ची येते!"

"राहू द्या हो मॅडम," दादा म्हणाले. "तिकीट नका टाकू. मी येताजाता बघतो."

बस्स. ते 'येताजाता' दादांना इतकं आवडलं की विचारू नका. रक्तपेढीतून नर्सिंग शाळेत गेलं, शाळेतून स्वयंपाकघरात, तिथून ग्रंथालयात आणि औषधभांडारात. "फुंकरदादा तिकीट मागत नाहीत बरं का!" दादा दिसले की लोकांचे चेहरे खुलायचे. कोणी चहा पुढे करायचं, कोणी खुर्ची. इतक्या वर्षांत ज्या माणसाला कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं, त्याला आता सगळे बसवून घ्यायला लागले. चांगुलपणाचीही चटक लागते माणसाला, तंबाखूची लागते तशी. दादांना लागली होती, आणि ती लागलीय हे त्यांना कळत नव्हतं.

मशीनचं कधी काय दुखतं हे ध्यानात राहावं म्हणून त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. तारीख, विभाग, मशीनचा नंबर, काय केलं. तिकीट असो नसो, डायरीत नोंद व्हायचीच. ही मात्र जुनी शिस्त होती.

एकच विभाग असा होता, जो दादांच्या चांगुलपणाला भीक घालत नव्हता. वाचाउपचार विभाग. अर्धांगाने, अपघाताने, नाही तर जन्मापासूनच ज्यांची वाचा गेलेली आहे, त्यांना तिथे पुन्हा बोलायला शिकवत. विभाग कसला, दोन खोल्या आणि एक बाकडं. प्रमुख एक पन्नाशीच्या बाई होत्या, दिवसभर लोकांना बोलतं करायच्या आणि स्वतः मात्र चार शब्दांत काम उरकायच्या. जुनी मशीनं, आवाज रेकॉर्ड करायची कुरकुरणारी यंत्रं, त्यात लहान मुलं येऊन वायरी ओढायची. रोज एक-दोन तक्रारी ठरलेल्या. आणि प्रत्येक तक्रारीचं तिकीट! माउस सैल झाला तरी तिकीट.

"बाई, एवढ्याशासाठी कशाला तिकीट टाकता?" दादा एकदा म्हणाले. "मी येताजाता बघितलं असतं की."

"असू दे," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा पेशंटकडे वळल्या.

दादांना ते लागलं. आपण पुढे केलेला हात कोणी झिडकारला की लागतंच. त्यांनी बाईंचं नाव 'तिकीटबाई' ठेवलं आणि ते सगळीकडे पसरवलंही. रक्तपेढीत तर त्या नावावर हशा पिकायचा. दादाही हसायचे. ते हसणं त्यांना पुढे फार महाग पडलं.

तीन वर्षांत तिकिटाचा दर आठशेचा साडेनऊशे झाला आणि साडेनऊशेचा बाराशे. "ही दरवाली कोणाच्या जिवावर उठलीय?" असं रक्तपेढीच्या मॅडम म्हणायच्या, आणि दादा मान डोलवायचे.

तिमाही संपायला चार दिवस होते, तेव्हा दरवालीने दादांना बोलावून घेतलं.

तिच्या खोलीत कागदांचा वास होता आणि एसीखाली बादली ठेवली होती. तिने दार लोटून घेतलं.

"दादा, तुम्ही तिघं दुरुस्तीला," ती म्हणाली. "तिघांचे पगार, सुटे भाग, सगळं धरून महिन्याला तीन लाख साठ हजार. मागच्या तिमाहीत महिन्याला तिकिटं आली तीनशे. तीन लाख साठ हजार भागिले तीनशे. बाराशे. माझ्या पदरचा एक पैसा त्यात नसतो. तीन वर्षांपूर्वी महिन्याला साडेचारशे तिकिटं यायची, म्हणून दर आठशे होता."

"बरं," दादा म्हणाले.

"त्या दोघांच्या नावावर महिन्याला एकशे अठ्ठावीस-अठ्ठावीस तिकिटं आहेत. तुमच्या नावावर चव्वेचाळीस."

दादा आधी हसले. मग त्यांना कळलं.

"ताई, मला दिवसभर पाणी प्यायला फुरसत नसते!"

"मला माहीत आहे हो. पण खर्च बघणाऱ्या समितीला माहीत नाही. समितीपुढे फक्त हा कागद जातो. सात तारखेला बैठक आहे, आणि तुमची जागा रद्द करायचा प्रस्ताव आहे." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी घातलेला नाही प्रस्ताव. पण आकडे माझेच आहेत."

दादांनी खिशातून डायरी काढली. दरवालीने पानं उलटली, बोटावर मोजलं, मग हिशेबाच्या यंत्रावर मोजलं. चालू तिमाहीत तिकिटाशिवाय केलेली कामं साडेचारशे. महिन्याला दीडशे.

"बघा," ती हळूच म्हणाली. "तीनशे अधिक दीडशे. साडेचारशे. कामं कमी झालीच नाहीत, दादा. फक्त लिहिली गेली नाहीत."

"मग आता लिहू की!"

"एक वाट आहे. जुन्या तिमाहीची खाती बंद झाली, ती उघडत नाहीत. पण चालू तिमाहीची पुढच्या पाच तारखेपर्यंत उघडी आहेत. उशिरा टाकलेलं तिकीट चालतं, पण विभागप्रमुखाची सही लागते. कारण खर्च त्यांच्या नावावर पडणार. दर बाराशेचाच लागेल, पण तीन महिन्यांत खर्चापेक्षा जास्त वसूल झालं तर जादाचं सगळ्यांना तिकिटांच्या प्रमाणात परत जातं. शेवटी पडेल आठशेच. आणि पुढच्या तिमाहीचा दरही आठशे. तुमची जागा राहील, सगळ्यांचा दर उतरेल." तिने डायरी मिटून परत दिली. "दादा, एक विचारू? तुम्ही ते फुकट करत होतात, ते पैसे गेले कुठे असं वाटतं तुम्हाला?"

दादांनी ते ऐकलं, पण कानाच्या आत गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे क्वार्टर होतं. जागा गेली की दोन महिन्यांत क्वार्टर खाली करायचं, हा नियम त्यांना तोंडपाठ होता.

दुपारी जेवायला घरी गेले, पण घास उतरेना. बायकोने ताट बघितलं, चेहरा बघितला आणि सगळं काढून घेतलं तोंडातून.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "जगाला फुकट वाटत फिरलात, आता घर वाटा! मी म्हणत होते ना, एवढे चहा काय पिता लोकांचे? आता त्यांनाच सांगा सही करायला. बघू या चहा किती कडक होता." आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "बाबांना कुठं नेणार हो? नव्या जागेत त्यांना न्हाणीसुद्धा सापडायची नाही."

आत म्हातारे कपाटाला हात लावत उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवसापासून दादा कागद घेऊन निघाले. प्रत्येक विभागाची वेगळी यादी, तारीखवार, खाली सहीला जागा. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं तेच येत नव्हतं.

रक्तपेढीच्या मॅडमनी यादी वाचली. एकशे वीस कामं. त्यांनी टेबलावरच्या यंत्रावर बोटं आपटली.

"दादा, हे एक लाख चव्वेचाळीस हजार होतात!"

"जादाचं परत मिळतं मॅडम. शेवटी शहाण्णव पडतील."

"शहाण्णव तरी कुठून आणू? तुम्हीच म्हणालात ना तिकीट नको? मी मागितलं होतं का फुकट?" त्यांचा आवाज चढला, मग उतरला. "तुमच्याबद्दल किती वाटतं आम्हाला, तुम्हाला माहीत आहे. वाटल्यास मी समितीला छानसं पत्र देते. तुमच्या स्वभावाबद्दल."

"पत्राला आकडा नसतो हो, मॅडम," दादा म्हणाले. बाहेर आले तेव्हा कान तापले होते.

स्वयंपाकघराचा मुख्य आचारी दिलाचा राजा. त्याने पिठाचे हात झटकले आणि म्हणाला, "कुठे करू सही? इथे? आण!" पण त्याच्या सहीला किंमत नव्हती. व्यवस्थापकाची हवी होती, आणि व्यवस्थापक सुटीवर गेला होता तो दहा तारखेपर्यंत. ग्रंथालयाने 'कळवतो' म्हटलं. औषधभांडाराने तेही म्हटलं नाही.

नर्सिंग शाळेच्या प्राचार्या मात्र वेगळ्या. त्यांनी यादी शांतपणे वाचली, त्रेसष्ट कामं, आणि पेन काढून सही केली. "केलंय ते केलंय," म्हणाल्या. "नाही कसं म्हणायचं?" दादांचे डोळे भरून आले. ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. जेवणाच्या सुटीनंतर प्राचार्यांचा शिपाई शोधत आला. "मॅडमनी तो कागद परत मागितलाय. मुलींच्या सहलीचे पैसे त्याच खात्यातले आहेत म्हणाल्या. तुम्ही समजून घ्याल म्हणाल्या."

दादांनी कागद देऊन टाकला. समजून घेणं ही तर त्यांची खासियत होती!

चार तारखेला सकाळी त्यांच्या नावावर एक तिकीट आलं. वाचाउपचार विभाग, मशीन क्रमांक दोन, आवाज येत नाही. दादांना आधी वैतागच आला. जीव टांगणीला लागलाय आणि या तिकीटबाईला आवाज हवाय! पण तिकीट ते तिकीट. पिशवी उचलून गेले.

बाकड्यावर एक म्हातारा आणि त्याची बायको बसली होती. दादांना बघून म्हातारा उठू लागला आणि म्हणाला, "चला."

"तुमचा नंबर नाही अजून, बसा," त्याची बायको म्हणाली. मग दादांकडे बघून तिने हसायचा प्रयत्न केला. "एवढंच येतं त्यांना. बसचे कंडक्टर होते. चाळीस वर्षं 'चला, चला' केलं, झटका आला तेव्हा तेवढाच शब्द राहिला. इथल्या छोट्या मॅडमनी पाच शब्द आणले होते परत. पाणी म्हणायचे, नको म्हणायचे. माझं नावसुद्धा म्हणाले एकदा." तिने त्यांना दंडाला धरून बसवलं. "आता पुन्हा एकावर आलेत."

"चला," म्हातारा म्हणाला.

आत एका खोलीत बाई एका मुलाला आरशापुढे बसवून ओठांचा आकार दाखवत होत्या. दुसरी खोली बंद होती. मशीन क्रमांक दोन तिथेच होतं. दादांनी दार ढकललं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आरशावर धूळ, चित्रांचे पत्ते खोक्यात भरलेले. दादांनी वायर काढली, फुंकर मारली, आवाज आला. दोन मिनिटांचं काम होतं.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "झालं?"

"झालं. बाई, ती दुसरी मुलगी होती ना इथे, अर्धा दिवस येणारी? दिसली नाही."

"ती नाही आता."

"का?"

बाईंनी खोक्यावरची धूळ हाताने पुसली. "तिला पंधरा हजार द्यायचे. आमची महिन्याला चाळीस तिकिटं. आठशे दर होता तेव्हा बत्तीस हजार व्हायचे. बाराशे झाला तेव्हा अठ्ठेचाळीस. सोळा हजार वाढले. बजेट तेवढंच राहिलं." त्या हे असं सांगत होत्या, जसं पेशंटच्या नातेवाइकाला सांगतात. "दोन महिन्यांपूर्वी तिला सोडावं लागलं. दुसऱ्या गावी लागली ती. चांगली नोकरी आहे. म्हणून आठवड्याला तीनदा यायचे त्यांना आता एकदाच बोलावते."

दादांच्या डोक्यात आकडे एकमेकांवर येऊन आदळले. दरवालीचा तो प्रश्न आता कुठे कानाच्या आत पोचला. पैसे गेले कुठे? इथे गेले होते! रक्तपेढीच्या प्रिंटरचे, शाळेच्या स्क्रीनचे, स्वयंपाकघराच्या वजनकाट्याचे. दादांचा पगार तर थांबला नव्हता. ज्यांची कामं लिहिली गेली नाहीत ते सुटले, आणि जे लिहीत राहिले त्यांनी सगळ्यांचं भरलं. दादा वाटत होते ते दादांचं नव्हतंच. ते या बंद खोलीतलं होतं.

"बाई," ते म्हणाले. "बाई, तुम्ही तरी मला येताजाता का नाही बोलावलंत? सगळे बोलवायचे. तुमची खोली चालू राहिली असती."

"मनात आलं होतं," बाई म्हणाल्या. "अगदी आलं होतं. पण तिकिटांचा मासिक तक्ता सगळ्या प्रमुखांना येतो. त्यात तुमच्या नावावर चव्वेचाळीस दिसायची, त्यातली चाळीस आमची. म्हटलं, आपणही बंद केली तर या माणसाच्या नावावर राहील काय? चार? मग तुम्हाला कोण ठेवेल?" त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "म्हणून टाकत राहिले. माउसचंसुद्धा."

दादा रचलेल्या खुर्च्यांना धरून उभे राहिले. तीन वर्षं ज्या बाईचं हसं केलं, ती एकटी त्यांची नोकरी धरून बसली होती. त्यांना लाज वाटली, इतकी की तोंड कुठे लपवावं कळेना. "मी तुम्हाला..." त्यांनी सुरुवात केली.

"तिकीटबाई," बाई म्हणाल्या. "माहीत आहे मला. बाकड्यापर्यंत येतं सगळं." आणि त्या कंडक्टरांना आत घ्यायला गेल्या.

त्या दुपारी दादा पुन्हा रक्तपेढीत गेले. स्वतःसाठी जे मागता आलं नव्हतं ते आता हात जोडून मागितलं. वाचाउपचाराचं सगळं सांगितलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या तर त्यांचा दर उतरतो, तिमाहीचे जादा भरलेले अठ्ठेचाळीस हजार त्यांना परत जातात, हे समजावलं. मॅडमनी ऐकून घेतलं. हळहळल्या. खरंच हळहळल्या, खोटं कशाला बोला. पण पेन काही उचललं नाही. शाळेतही तेच झालं. पाच तारखेला संध्याकाळी पाच वाजता तिमाही बंद झाली. दादांच्या हातात एकही सही नव्हती.

दरवाली स्क्रीनकडे बघत बसली होती. "मी समितीला टिपण लिहिलंय," ती म्हणाली. "सही नसलेल्या कामांची संख्या, डायरीचा दाखला, सगळं. उपयोग होईल असं वाटत नाही."

"ताई, माझी जागा गेली तर दर किती होईल?"

तिने यंत्राला हातही लावला नाही. तिला ते आधीच माहीत होतं. "दोघांचा खर्च दोन लाख चाळीस हजार. तिकिटं तीनशे. आठशे."

"म्हणजे त्यांनी सह्या केल्या असत्या तरी आठशे, आणि मी गेलो तरी आठशे."

"हो."

"मग मीच स्वस्त पडलो की सगळ्यांना," दादा म्हणाले. दरवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. दादांनाच तिची समजूत घालावी लागली.

"तुझी काही चूक नाही गं ताई. तू फक्त जे लिहिलं तेच मोजलंस."

सात तारखेला जागा रद्द झाली. वाचाउपचाराच्या बाईंनी नव्या दराचा कागद मिळताच त्या मुलीला पत्र पाठवलं, की पंधरा हजार पुन्हा देता येतील, ये. तिचं उत्तर आलं, तिकडे घर घेतलंय, आता नाही जमणार. नव्या माणसासाठी जाहिरात द्यायची तर मंजुरीला चार महिने. कंडक्टर आठवड्याला एकदाच येत राहिले.

दादांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर एक खोली बघितली. वडिलांना एकदा दाखवायला नेलं. म्हातारे भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "हात धर." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. दादांनी हात धरला, आणि जिन्यात बापाला कळू नये अशा बेताने रडून घेतलं.

महिनाअखेरीला निरोप समारंभ ठेवला. वर्गणी काढली होती, भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, केक होता. रक्तपेढीच्या मॅडमनी भाषण केलं. "असा माणूस होणे नाही," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत दादांनी आमच्याकडे कधी तिकीट मागितलं नाही. कधीच नाही." टाळ्या पडल्या. वाचाउपचाराच्या बाई आल्या नव्हत्या. त्यांचे पेशंट होते.

दादांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले. त्यांना खरं तर आभार मानायचे होते.

"ती तिकिटं मी माफ केली नव्हती," ते म्हणाले. "ती वाचाउपचार विभागाने भरली. तुमचीही, तुमचीही आणि तुमचीही. त्यांची एक खोली बंद पडली त्यात. मी त्या बाईंना नावं ठेवत होतो आणि तुम्ही हसत होतात. मीही हसत होतो. एवढंच सांगायचं होतं."

मग कोणीतरी केक कापायला घेतला, आणि बशांचे आवाज सुरू झाले.

घड्याळ काखेत घेऊन दादा बाहेर पडले, तशा मागून मॅडम आल्या. डोळे लाल होते. "दादा, मला वाईट वाटलं हो. मनापासून." थोडं चालून त्या थांबल्या. "आणि... आता कसं विचारू... रक्तगटांची लेबलं छापायचं मशीन सकाळपासून बंद आहे. बाहेर माणसं थांबलीत रक्तासाठी. येताजाता एकदा..."

दादा त्यांच्याबरोबर रक्तपेढीत गेले. मशीनपाशी नाही गेले. कॉम्प्युटरपाशी गेले आणि म्हणाले, "बसा मॅडम. तिकीट टाका."

मॅडम बसल्या. त्यांना ते पानच सापडेना. तीन वर्षांत त्यांनी ते कधी उघडलंच नव्हतं. दादांनी शेजारी उभं राहून एकेक रकाना दाखवला. विभाग इथे. मशीनचा नंबर इथे, तो मागे चिकटवलेला असतो. बिघाड इथे, स्पष्ट लिहायचा. मॅडमनी एका बोटाने सगळं भरलं आणि बटण दाबलं.

दादांचं खातं दुपारी बारालाच बंद झालं होतं. तिकीट दुसऱ्या दुरुस्तीवाल्याच्या नावावर गेलं. आधीची सात बाकी, अंदाजे वेळ दोन तास, असं स्क्रीनवर आलं.

"दोन तास?" मॅडम म्हणाल्या. "दादा, तुम्ही इथेच आहात की! फक्त फुंकर..."

काचेपलीकडे माणसं उभी होती. एक बाई हातातला कागद काचेला लावून आत बघत होती. दादांनी घड्याळ टेबलावर ठेवलं, वायर काढली, फुंकर मारली आणि परत खोचली. मशीन घरघरलं, लेबलं बाहेर यायला लागली.

मग ते पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. "हे तिकीट रद्द करू नका, मॅडम," ते म्हणाले. "काम झालं. मोजू द्या."

मॅडमनी मान डोलवली. दादांनी दारापर्यंत पोचून मागे बघितलं, तेव्हा मॅडमचं एक बोट रद्दच्या बटणावर होतं.